डीपी रोडमध्ये जमीन गेली? टीडीआर घेण्यापासून विकण्यापर्यंत सगळं, पायरीपायरीने

आमच्या वडिलोपार्जित जमिनीतून 18 मीटरचा डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, गेला. त्याच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, घेतला आणि नंतर तो विकला. हे सगळं पार पडेपर्यंत मी नगररचना, भूमी अभिलेख आणि रजिस्टर ऑफिसच्या इतक्या चकरा मारल्या की आता नात्यातल्या कुणाचीही जमीन आरक्षणात निघाली की पहिला फोन मलाच येतो. प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. यातल्या बऱ्याच गोष्टी आम्हाला उशिरा कळल्या आणि तेवढं नुकसान झालं, तुमचं होऊ नये.

मी लिहितोय ते मुंबई सोडून बाकी महाराष्ट्रातल्या महापालिकांबद्दल, जिथे डिसेंबर 2020 पासून युनिफाइड डीसीपीआर ही बांधकामाची एकत्रित नियमावली लागू आहे. मुंबईला वेगळी नियमावली आहे, डीसीपीआर 2034. तत्त्व तेच, पण आकडे आणि पद्धत थोडी वेगळी. आणि झोपडपट्टी पुनर्वसनातून निघणारा स्लम टीडीआर, हेरिटेजचा टीडीआर हे वेगळे प्रकार, त्यात मी पडत नाही. रस्त्यात किंवा आरक्षणात जमीन गेली एवढाच विषय.

## 1. आधी टीडीआर म्हणजे काय ते डोक्यात पक्कं बसवा

शहराच्या विकास आराखड्यात तुमच्या जमिनीवर रस्ता, शाळा, बाग असं काही दाखवलं असेल तर ती जमीन महापालिकेला हवी असते. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 126 मध्ये ती घ्यायचे तीन मार्ग आहेत. एक, वाटाघाटीने ठरलेली रक्कम देऊन. दोन, पैशांऐवजी एफएसआय, म्हणजे प्लॉटवर वाढीव बांधकामाची मुभा, किंवा टीडीआर देऊन. तीन, भूसंपादन कायद्याने रीतसर संपादन करून.

दुसऱ्या मार्गात काय होतं, तर जमिनीची मालकी महापालिकेकडे जाते आणि त्या जमिनीवर जे बांधकाम करता आलं असतं तो हक्क जमिनीपासून सुटा करून तुमच्या हातात कागदावर देतात. त्या कागदाला डीआरसी म्हणतात, म्हणजे विकास हक्क प्रमाणपत्र. हा हक्क तुम्ही स्वतःच्या दुसऱ्या प्लॉटवर वापरू शकता किंवा बिल्डरला विकू शकता, तो त्याच्या प्लॉटवर जास्तीचे मजले चढवतो. याला बाजारात 'टीडीआर लोड करणं' म्हणतात.

किती मिळतो? दाट वस्तीच्या, म्हणजे गावठाण किंवा जुन्या पेठांच्या भागात, दिलेल्या जमिनीच्या तीन पट. त्याच्या बाहेर दोन पट. मुंबईत शहर भागात अडीच पट, उपनगरात दोन पट.

हे 'दोन पट' ऐकून आमच्या घरी सगळे खूश झाले होते. सहा गुंठे गेले तर बारा गुंठ्यांचं बांधकाम मिळणार असा हिशोब माझ्या काकांनी वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवला होता. तो हिशोब चुकीचा का, ते तिसऱ्या पायरीत सांगतो आणि या सगळ्या लेखात तीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, बाकी वाचलं नाही तरी ती वाचा.

## 2. टीडीआरच घ्यायचा का, हे आधी ठरवा

ऑफिसात गेलात की सगळे टीडीआरच घ्या म्हणतात कारण महापालिकेला त्यात रोख पैसे काढावे लागत नाहीत. पण टीडीआर घ्यायची जबरदस्ती तुमच्यावर करता येत नाही, मालकाची तयारी असेल तरच तो मार्ग. म्हणून सही करण्याआधी बाकीचे पर्याय बघा.

पहिला पर्याय, तुमची उरलेली जमीन तिथेच शिल्लक असेल आणि तुम्हाला ती डेव्हलप करायची असेल तर गेलेल्या जमिनीचा एफएसआय उरलेल्या जमिनीवरच वापरता येतो का ते आर्किटेक्टला विचारा. विकायची भानगड नाही, एजंट नाही, रेटची झिगझिग नाही. रस्ता रुंद झाल्यामुळे उरलेल्या प्लॉटची बांधकाम क्षमता वाढते तो फायदा वेगळा. उरलेला तुकडा फारच लहान किंवा वेडावाकडा असेल तर मात्र हे जमत नाही.

दुसरा पर्याय रोख मोबदला. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरी भागात बाजारभाव आणि त्यावर तेवढंच दिलासा रक्कम म्हणजे सोलेशियम, थोडक्यात दुप्पट. हा रस्ता लांबचा आहे, महापालिका पैसे नाहीत म्हणून सांगते, कधीकधी कोर्टात जावं लागतं. पण आकड्यात तो टीडीआरपेक्षा बराच जास्त निघू शकतो. किती, ते खालच्या उदाहरणात दिसेल.

आम्ही टीडीआर घेतला कारण घरात दोन जणांना पैसे लवकर हवे होते. निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही, पण तुलना करून घेतला असता तर बरं झालं असतं.

## 3. टीडीआर स्क्वेअर फुटात मोजू नका, रेडीरेकनरने मोजा

डीआरसीवर आकडा स्क्वेअर मीटरमध्ये असतो. पण तो टीडीआर दुसरीकडे लोड करताना तेवढाच्या तेवढा लागत नाही. त्याला एक सूत्र आहे:

```
X = (Rg / Rr) × Y
```

Y म्हणजे डीआरसीमधून वजा होणारा टीडीआर. Rg म्हणजे तुमची जमीन गेली तिथला रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने दरवर्षी ठरवलेला, जमिनीचा दर. Rr म्हणजे ज्या प्लॉटवर लोड करायचा तिथला दर. आणि X म्हणजे तिथे प्रत्यक्ष मिळणारं बांधकाम. दोन्ही दर टीडीआर ज्या वर्षी निर्माण झाला त्याच वर्षीचे धरतात.

उदाहरण घेऊ. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. 580 स्क्वेअर मीटर जमीन रस्त्यात गेली, दाट वस्तीबाहेर आहे म्हणून दोन पट, म्हणजे 1160 स्क्वेअर मीटरचा डीआरसी. फुटात साधारण 12,486. तुमच्या भागाचा रेडीरेकनर 8,000 रुपये मीटर. आता बिल्डरचा प्लॉट चांगल्या एरियात आहे, तिथला दर 20,000. तर 8,000 भागिले 20,000 गुणिले 1160, उत्तर 464 स्क्वेअर मीटर. तुमच्या डीआरसीवर बारा हजार फूट लिहिलंय पण त्या बिल्डरला जेमतेम पाच हजार फूट मिळतात. उलट त्याचा प्लॉट 6,400 दराच्या भागात असेल तर त्याला 1450 मीटर मिळतात, म्हणजे डीआरसीवर आहे त्यापेक्षा जास्त.

आता मीटरला दराने गुणून बघा. 1160 गुणिले 8,000 म्हणजे 92,80,000. 464 गुणिले 20,000 म्हणजे पण 92,80,000. आणि 1450 गुणिले 6,400? तेवढेच. टीडीआर कुठेही नेला तरी त्याची रेडीरेकनरची किंमत बदलत नाही, फूट कमी जास्त होतात एवढंच. म्हणून तुमच्या टीडीआरची खरी ओळख 'बारा हजार फूट' ही नाही, '92 लाख 80 हजार रेडीरेकनरचा टीडीआर' ही आहे, आणि सौदा त्याच्या किती टक्क्यांना होतोय एवढाच प्रश्न.

पूर्वी असं नव्हतं. मुंबईत 1991 च्या नियमावलीत टीडीआर जिथे निघाला त्याच्या उत्तरेलाच वापरायचा असा नियम होता, पुण्यात ए, बी, सी असे झोन होते. फुटाला फूट. पुण्यातला तो झोनचा हिशोब जानेवारी 2016 च्या टीडीआर धोरणात गेला आणि हे सूत्र आलं. पण जुन्या लोकांच्या डोक्यात अजून फूटच आहेत आणि काही एजंट त्याचाच फायदा घेतात.

आता टक्के किती? याला एक मोजपट्टी आहे. बिल्डरला जास्तीचं बांधकाम दोन ठिकाणाहून मिळतं, एक टीडीआर विकत घेऊन आणि दुसरं महापालिकेला प्रीमियम भरून. प्रीमियम एफएसआयचा दर आहे त्या प्लॉटच्या रेडीरेकनरच्या 35 टक्के. वरच्या उदाहरणात 464 मीटर प्रीमियमने घ्यायचे तर 20,000 चे 35 टक्के, 7,000 रुपये मीटर, एकूण 32,48,000. तेवढंच बांधकाम टीडीआरने यापेक्षा महाग पडत असेल तर तो आधी प्रीमियमकडे बघणार. पण प्रीमियमला मर्यादा आहे, प्लॉटच्या अर्ध्या पटीपर्यंतच मिळतो, तो संपला की पुढच्या मजल्यांना टीडीआरशिवाय पर्याय नाही. म्हणून शहरात टीडीआर कमी आणि बांधकामं जोरात असतील तेव्हा भाव 35 टक्क्यांच्या वर जातो, टीडीआरचा सुकाळ असेल तेव्हा खाली येतो. विकायच्या आधी दोन तीन आर्किटेक्टना फक्त एवढंच विचारा, सध्या रेडीरेकनरच्या किती टक्क्याला चाललाय.

आणि मागच्या पायरीतली तुलना आठवा. रोख मोबदला रेडीरेकनरच्याच भावाने धरला तरी 580 गुणिले 8,000 ची दुप्पट, म्हणजे 92,80,000 च. कागदावर दोन्ही सारखे. पण रोख मोबदला रुपयाला रुपया आणि टीडीआर बाजाराच्या टक्क्याने. हा फरक मला कुणी आधी सांगितला नव्हता.

## 4. सातबारा आधी स्वच्छ करा

अर्ज करायच्या आधीच सहा महिने हे सुरू करा. कारण जमीन 'बोजाविरहित' द्यायची असते आणि आपल्याकडे बोजाविरहित सातबारा सहसा नसतोच.

आमच्या उताऱ्यावर इतर हक्कात विकास सोसायटीचा 1987 चा बोजा होता. कर्ज आजोबांनी कधीच फेडलेलं, पण बोजा कमी करायचा राहिला. रक्कम आजच्या हिशोबाने एका चांगल्या मोबाइलच्या किमतीची पण नाही आणि त्यासाठी फाइल अडली. सोसायटीत गेलो तर जुनं रजिस्टर फडक्यात बांधून माळ्यावर, सचिवांनी स्वतः शिडी लावून काढून दिलं, बेबाकी दाखला लिहिला, मग तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार, मग मंडल अधिकाऱ्यांची मंजुरी. अडीच महिने गेले.

वारसनोंदी पण बघा. आत्यांची नावं लागली नसतील तर लावा किंवा त्यांची हरकत नसेल तर रजिस्टर हक्कसोडपत्र करा. त्यांना न विचारता फाइल पुढे ढकलू नका, पेपरात जाहीर नोटीस निघते तेव्हा कुणी तरी हरकत घेतंच आणि मग नातं पण जातं आणि वर्ष पण. सगळे सहीला येऊ शकत नसतील तर एकाच्या नावाने रजिस्टर कुलमुखत्यारपत्र करा आणि त्यात 'जमीन हस्तांतर करणे, डीआरसी घेणे, विकणे, रक्कम स्वीकारणे' असं एकेक स्पष्ट लिहा. नुसतं 'सर्व कामे करणे' लिहिलेलं आमचं परत आलं.

जमीन भोगवटादार वर्ग 2, वतनाची, इनामाची असेल तर आधी कलेक्टर ऑफिसची परवानगी आणि नजराणा. कुळाची असेल तर तेही आधी मिटवा. युएलसीची, म्हणजे जुन्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची, नोंद असेल तर वकिलालाच गाठा, अशा काही जमिनींना टीडीआर मिळतच नाही. तसंच ज्या जमिनीचा मोबदला आधीच घेतलेला आहे, किंवा मंजूर लेआउटमधले अंतर्गत रस्ते आणि सक्तीची ओपन स्पेस, त्यांनाही नाही.

## 5. मोजणी, आणि मोजणीच्या दिवशी जागेवर हजर राहा

सातबाऱ्यावर किती लिहिलंय याला अर्थ नाही, टीडीआर मिळतो तो मोजणीत निघालेल्या क्षेत्रावर. आम्ही धरून चाललो होतो सहा गुंठे, म्हणजे 607 मीटर. डीपीची रेषा जागेवर टाकून संयुक्त मोजणी झाली तेव्हा निघाले 580. सत्तावीस मीटरचा फरक म्हणजे दोन पटीने 54 मीटर टीडीआर कमी.

पद्धत अशी की आधी नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्यायचा, त्यात कुठला गट नंबर किती बाधित ते दिसतं. मग भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज. मोजणीला महापालिकेचा माणूस रस्त्याची आखणी दाखवायला आलाच पाहिजे, नाही तर भूकरमापक तुमच्या गटाची हद्द मोजून जातो आणि बाधित क्षेत्र कोरंच राहतं. आमचं पहिल्यांदा असंच झालं, परत फी भरली.

त्या दिवशी खांब, चुन्याच्या खुणा सगळ्याचे फोटो काढा. मोजणीच्या नकाशाची क प्रत हातात आली की दोन गोष्टी तपासा: बाधित क्षेत्र वेगळ्या रंगात दाखवलंय का आणि त्याचं क्षेत्रफळ आकड्यात लिहिलंय का.

याच टप्प्यावर रेडीरेकनर पण बघून ठेवा. गट नंबर कुठल्या मूल्य विभागात येतो ते igrmaharashtra.gov.in वर बघता येतं. आमच्या गटाला सुरुवातीच्या टिपणीत शेजारच्या कमी दराचा विभाग लागला होता. मी प्रिंट घेऊन गेलो म्हणून सुधारलं. वरचं सूत्र आठवा, Rg मध्ये झालेली चूक पूर्ण डीआरसीला लागते.

## 6. अर्ज आणि कागदपत्रं

अर्ज सहसा आर्किटेक्टमार्फत जातो. ओळखीचा म्हणून घेऊ नका, ज्याने त्या महापालिकेत आधी डीआरसी काढलेत असा घ्या. फी आधी ठरवा, आणि टीडीआरमधला हिस्सा फी म्हणून देऊ नका.

आम्हाला जोडावे लागलेले कागद:

- चालू सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि मागचे सगळे फेरफार
- क प्रत, बाधित क्षेत्रासकट
- झोन दाखला आणि भाग नकाशा
- वकिलाचा टायटल सर्च रिपोर्ट, 30 वर्षांचा
- पेपरात दिलेल्या जाहीर नोटिशीचं कात्रण
- प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र, की या जमिनीचा मोबदला आधी घेतलेला नाही आणि कोर्टात वाद चालू नाही
- कुलमुखत्यारपत्र, सगळ्यांचे आधार, पॅन
- रेडीरेकनरच्या पानाची प्रत

प्रत्येक कागद दोन सेट करा आणि अर्ज दिल्यावर आवक नंबर घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. फाइल विधी विभाग, पथ विभाग, मालमत्ता विभाग अशी फिरते आणि प्रत्येक टेबलावर एखादी त्रुटी निघतेच. त्रुटी तोंडी सांगितली तर लेखी मागा, उत्तर पण लेखी द्या.

## 7. ताबा: इथे घाई करू नका

आमच्याच शेजारच्या गटातलं सांगतो. त्यांनी रस्त्याचं काम अडू नये म्हणून साध्या कागदावर ताबा पावती लिहून दिली. साहेब म्हणाले होते डीआरसीचं आपण मागून बघू. रस्ता झाला, डांबर पडलं, दिवे लागले. साहेबांची बदली झाली. नंतर आलेल्यांनी विचारलं की जमीन कशाच्या बदल्यात दिली, ठराव कुठे, पत्र कुठे. त्या भल्या माणसाकडे फक्त ती पावती, आणि तिच्यात टीडीआरचा शब्द नाही. बरीच वर्षं ते त्यापायी हेलपाटे घालत होते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी महापालिकेचं लेखी पत्र, ज्यात क्षेत्र आणि 'टीडीआर स्वरूपात मोबदला देय' हे लिहिलंय. मग रजिस्टर हस्तांतर दस्त, आणि त्या दस्तातही हेच वाक्य हवं. मग ताबा. मग सातबारा महापालिकेच्या नावावर. आणि मग डीआरसी. अगदीच रस्त्याचं काम अडलं म्हणून आगाऊ ताबा मागितला तर द्या, पण पावतीवर क्षेत्र, गट नंबर आणि 'टीडीआरच्या मोबदल्याच्या अधीन राहून' असं लिहून अधिकाऱ्याची सही शिक्का घ्या.

रस्ता सोडून दुसरं आरक्षण असेल, बाग किंवा शाळा, तर जागा सपाट करून दीड मीटर उंचीची कंपाउंड वॉल आणि गेट तुम्हाला तुमच्या खर्चाने करून द्यावं लागतं. ते जमणार नसेल तर टीडीआर दोन पटीऐवजी 1.85 पट, आणि दाट वस्तीत तीनऐवजी 2.85 पट. रस्त्याच्या जमिनीला भिंतीची अट नाही, त्यासाठी कुणी कपात करत असेल तर नियम दाखवा.

## 8. डीआरसी हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा

नावं सातबाऱ्यासारखी आहेत का, क्षेत्र आकड्यात आणि अक्षरात जुळतंय का, गट नंबर बरोबर आहे का, रेडीरेकनरचा दर आणि वर्ष बरोबर लिहिलंय का. नंतर दुरुस्ती म्हणजे परत पूर्ण फाइल. मूळ डीआरसी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, कुणालाही 'बघायला' देऊ नका, लोकांना झेरॉक्स दाखवा. आणि टीडीआर त्या महापालिकेच्या हद्दीतच वापरता येतो, त्यामुळे गिऱ्हाईकही तिथेच शोधायचं.

## 9. विकताना

गिऱ्हाईक बिल्डर. तो कुठे लोड करणार हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि विचाराच, कारण त्यावरून त्याची गरज कळते. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर लागतच नाही. नऊ ते बारा मीटरच्या रस्त्यावर प्लॉटच्या 0.40 पटीपर्यंत, आणि रस्ता रुंद होत जाईल तसा वाढत तीस मीटरच्या पुढे 1.40 पर्यंत. त्यात काही हिस्सा स्लम टीडीआरसारख्या दुसऱ्या प्रकारातून घ्यायचं बंधन पण असतं. म्हणजे बाराशे मीटरचा डीआरसी एकाच लहान बिल्डरकडे पूर्ण खपेलच असं नाही. तुकड्यात विकता येतो, महापालिका विकलेला भाग वजा करून उरलेला तुमच्या नावावर ठेवते.

आता सगळ्यात मोठा सापळा. आमच्याकडे पहिला एजंट आला तो म्हणाला, 'चारशे रुपये फूट देतो.' काकांनी लगेच 12,486 गुणिले 400 केलं, जवळपास 50 लाख. घरात पेढे आणायची बोलणी सुरू. मी एवढंच विचारलं, 'भाऊ, डीआरसीचा फूट की लोड झालेला फूट?' तो म्हणाला, 'लोड झालेला, सगळीकडे तसंच असतं.' म्हणजे वरच्या उदाहरणातल्या प्लॉटवर 464 मीटर, साधारण 4,994 फूट, गुणिले 400, वीस लाखाच्या आसपास. रेडीरेकनरच्या 22 टक्के पण नाही. शब्द तेच, चारशे रुपये फूट, आणि मध्ये तीस लाखांचा फरक. म्हणून भाव कुणीही फुटात सांगितला तर त्याला म्हणा, पूर्ण डीआरसीचे एकूण किती रुपये ते सांगा. ती रक्कम भागिले 92,80,000, जे टक्के येतील तो खरा भाव.

एक गोष्ट तुमच्या बाजूची पण आहे. सूत्रात दोन्ही दर जुन्या वर्षाचे असतात पण बिल्डर प्रीमियम भरतो तो आजच्या दराने. समजा त्याच्या एरियाचा रेडीरेकनर मधल्या काळात 20,000 चा 22,000 झाला, तर तेच 464 मीटर प्रीमियमने घ्यायला त्याला आता 35,72,800 लागतात. म्हणजे तुमच्या जुन्या डीआरसीची त्याला किंमत सव्वातीन लाखांनी वाढली. भाव करताना हे बोलून दाखवा.

व्यवहाराचा क्रम:

1. साधा करारनामा आणि टोकन चेकने. मूळ डीआरसी द्यायचा नाही.
2. रजिस्टर दस्त, स्टॅम्प ड्युटी कोण भरणार ते करारातच. टीडीआर हा जमिनीतून निघालेला हक्क, मुंबई हायकोर्टानेही 2007 साली तो स्थावर मिळकतीत धरलाय, त्यामुळे नोटरीवर भागवू नका.
3. महापालिकेकडे हस्तांतराचा अर्ज, दोघांच्या सहीने, मूळ डीआरसीसोबत. तिथे नोंद होऊन बिल्डरच्या नावावर चढला की तुमचं काम झालं.
4. मोठी रक्कम अर्ज दाखल करायच्या दिवशी, डिमांड ड्राफ्ट किंवा खात्यात जमा झाल्यावरच. 'नावावर झाल्यावर देतो' म्हणून पुढच्या तारखेचे चेक घेऊ नका, एकदा लोड होऊन बिल्डिंगचा नकाशा मंजूर झाला की टीडीआर परत येत नाही.

टॅक्सचं सीएला दस्ताच्या आधी विचारा, नंतर नाही. रक्कम किती जणांत आणि कुणाच्या खात्यात जाते यावर फरक पडतो, त्यामुळे प्रत्येक हिस्सेदाराचा चेक वेगळा घ्या. आम्ही सगळे पैसे काकांच्या खात्यात घेतले आणि मग त्यांच्याकडून वाटून घेताना प्रत्येकाला सीएसमोर खुलासे द्यावे लागले.

तुकड्यात विकला असेल तर हस्तांतराच्या ऑर्डरबरोबर शिल्लक किती राहिली त्याची नोंद असलेला डीआरसी त्याच दिवशी मागून घ्या आणि वजाबाकी स्वतः करून बघा. आमच्यात बारा मीटर जास्त वजा झाले होते, काउंटरवरच दाखवलं म्हणून अर्ध्या तासात दुरुस्त होऊन मिळाले.